‘येसकर’ या शब्दाचे इंग्रजी : सामाजिक इतिहासाच्या भाषांतराविषयी काही अभ्यासनोंदी

आपल्या वसतिगृहात राहून शिकलेला आणि आता इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला एक माजी विद्यार्थी तीन वर्षांपूर्वी सुट्टीत घरी आला होता. जाताना त्याने माझ्या हाती एक जुनी वही ठेवली. त्याच्या गावातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने गावाचा सामाजिक इतिहास म्हणून ती लिहिली होती. गावाची वस्ती, बलुतेदारी, पाणवठे, जत्रा, १९५६ नंतर झालेले बदल असे सारे तीत होते. ती छापलेली नाही. माझ्या विद्यार्थ्याची मुलगी सोळा वर्षांची. तिला मराठी बोललेले समजते, पण वाचता येत नाही. तिच्यासाठी या वहीचे इंग्रजी भाषांतर व्हावे, अशी त्याची इच्छा होती. इतिहासात एम.ए. केलेला माणूस हे काम दोन महिन्यांत उरकील असे त्याला वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले होते.

पहिली वीस पाने मी पाठविली. आठ दिवसांनी मुलीचा वडिलांच्या मार्फत प्रश्न आला: आमचे पणजोबा भिकारी होते का?

वहीत ‘भिकारी’ हा शब्द कोठेही नव्हता. तो माझ्या इंग्रजीतून आला होता. तो कसा आला आणि मग काय दुरुस्त करावे लागले, ते या लेखात एकाच उताऱ्याच्या आधारे मांडीत आहे. मूळ उतारा असा:

‘येसकराची पाळी ज्या घरी असे, त्या घरचा माणूस दिवस मावळताना घुंगरकाठी घेऊन गावात भाकरी मागायला जाई. सुगीत खळ्यावर बलुते मागायला सारा राजवाडा जाई. पाळीचा माणूस आजारी असला तरी चावडीचा बोलावा चुकत नसे. एका साली पाळीचा महार तापाने पडला म्हणून टपाल तालुक्याला गेले नाही. तेव्हा पाटलाने त्याला चावडीपुढे उभे करून “माजलास काय रे म्हारड्या” असे विचारले, आणि गावकऱ्यांनी आठ दिवस राजवाड्याची भाकरी बंद केली.’

माझ्या पहिल्या इंग्रजी खर्ड्यात येसकराचा ‘व्हिलेज सर्व्हंट’ झाला होता, मागायला जाण्याचे ‘बेगिंग’ झाले होते, महाराचा ‘अनटचेबल’ झाला होता आणि गावकऱ्यांचे ‘व्हिलेजर्स’ झाले होते. चारही शब्द इंग्रजी कोशांना धरून होते. चारही चुकले होते, आणि प्रत्येक निराळ्या प्रकारे चुकला होता.

येसकरापासून सुरुवात करू. येस किंवा वेस म्हणजे गावाच्या तटाचे प्रवेशद्वार. ती राखणारा तो वेसकर अथवा येसकर. हे एका कामाचे नाव आहे. महार हे जातीचे नाव आहे. वतनदार हे हक्काचे नाव आहे. आणि पाळी ही त्या कामाची वाटणी आहे: वतन साऱ्या भावकीचे असते, पण वेशीवरचे काम घरांमध्ये आळीपाळीने फिरते. म्हणजे आमच्या उताऱ्यातला माणूस जातीने महार, हक्काने वतनदार आणि त्या वर्षापुरता किंवा त्या महिन्यापुरता येसकर आहे. मराठी वाचकाला या चार गोष्टी एका दमात कळतात, म्हणून लेखकाला त्या सांगाव्या लागत नाहीत. ‘व्हिलेज सर्व्हंट’ म्हटले की चारही वितळून एक नोकर तेवढा उरतो. आणि नोकराला मालक असतो, पगार असतो, नोकरी सोडण्याची मुभा असते. यातले येसकराला काहीच नव्हते.

‘वॉचमन’ म्हणावे, असे एका सहकाऱ्याने सुचविले. पहारा हा त्याच्या कामाचा एक भाग होता हे खरे. परंतु सारा आणि टपाल तालुक्याला पोचविणे, पाहुण्या अंमलदाराची बडदास्त ठेवणे, चावडीवर माणसे बोलावून आणणे, मयताचा सांगावा परगावी नेणे, मेलेले जनावर ओढणे, शिवेचा तंटा उभा राहिला की शीव चालून दाखविणे, ही सर्व कामे त्याच्याच जातीकडे असत. शिवेच्या वादात महाराची साक्ष मोलाची मानली जाई. ‘वॉचमन’ या शब्दाने इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढे बंगल्याच्या फाटकावरचा माणूस येतो. गावाची हद्द ज्याच्या स्मरणात आहे असा माणूस येत नाही.

म्हणून मी ‘येसकर’ हाच शब्द इंग्रजीत ठेवला. मात्र मूळ शब्द ठेवला की भाषांतर झाले, असे समजण्याची सोय नाही. न समजणारा शब्द वाचक ओलांडून पुढे जातो. शब्द पहिल्यांदा येतो त्याच वाक्यात त्याचा अर्थ वाक्याच्या ओघात विणावा लागतो. ‘येसकर, म्हणजे वेशीवरचा कामगार, हे काम वतनदार महार कुटुंबांत आळीपाळीने फिरत असे’ एवढे इंग्रजीत एकदाच सांगितले, आणि त्यानंतर पुढील शंभर पाने ‘येसकर’ एवढेच लिहिले. पुस्तकाच्या शेवटच्या शब्दसूचीवर मी विसंबत नाही. शब्दसूची पाहण्यासाठी मागे पान उलटणारे वाचक थोडे असतात, आणि सोळा वर्षांचे तर नसतातच.

दक्षिणेकडील भागात याच कामाला ‘तराळ’ म्हणतात. शंकरराव खरात यांच्या ‘तराळ-अंतराळ’ या आत्मकथनाच्या नावातला शब्द तोच. वहीत दोन ठिकाणी तराळ आणि इतरत्र येसकर असे आले आहे. शब्द एकसारखे करण्याचा मोह मला झाला होता, पण मी तसे केले नाही. लेखकाची आई दक्षिणेकडची होती आणि तिने सांगितलेल्या आठवणींतच तेवढा ‘तराळ’ येतो. तो बदलला असता, तर कोणती आठवण कोणाची हे ओळखण्याची एकमेव खूण पुसली गेली असती.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. मूळ वाक्यात ‘मागायला’ हे क्रियापद दोनदा आले आहे: एकदा भाकरी मागायला, एकदा बलुते मागायला. मी दोन्हीकडे ‘बेग’ लिहिले होते. माझी चूक मला अशी उमगली. वहीच्या पुढच्याच प्रकरणात सुतार खळ्यावर बलुते मागायला जातो. तेथे मी ‘कलेक्ट हिज शेअर’ असे लिहून गेलो होतो. क्रियापद तेच, खळे तेच, धान्य तेच. सुतार आपला वाटा नेतो आणि महार भीक मागतो, हा भेद वहीच्या लेखकाने केलेला नव्हता. तो मी, महाराच्या पोटी जन्मलेल्या भाषांतरकाराने, केला होता. ज्या इंग्रजी पुस्तकांतून आम्ही ही इंग्रजी शिकलो त्यांनी तो भेद आमच्या हाताला लावून दिला आहे.

बारा बलुत्यांच्या ज्या जुन्या याद्या मिळतात त्यांत गावागणिक फरक आहे. परंतु एका प्रसिद्ध यादीत बलुतेदारांच्या तीन ओळी केलेल्या आढळतात आणि तिच्या थोरल्या ओळीत सुतार, लोहार यांच्याबरोबर महार आणि मांग आहेत. भट धाकट्या ओळीत आहे. ही ओळ सामाजिक मानाची नसून धान्याच्या वाट्याची आहे. ज्याचे काम शेतीला अधिक लागे त्याचा वाटा मोठा. म्हणजे महाराचे बलुते हे गावाने मान्य केलेले देणे होते. ते मागणे म्हणजे ठरलेले मागणे.

एवढे कळल्यावर मी उलट टोकाला गेलो. दुसऱ्या खर्ड्यात दोन्ही ठिकाणी ‘कलेक्ट हिज वेजेस’ असे लिहिले. तेही टिकले नाही, कारण सुतार दिवस मावळताना घुंगरकाठी वाजवीत दारोदार जात नसे. काठीला घुंगरू कशासाठी, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. माझे आजोबा येसकरपाळीवर गेलेले होते. भाकरी वरून टाकली जाई, ती झोळीत झेलायची आणि दारापुढून हलायचे, एवढेच ते सांगत. त्यापुढे बोलत नसत. याला वेतन म्हणणे म्हणजे अपमानाची पावती फाडून टाकणे होय. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले. त्यामागे हीच जाणीव होती. महारवतनाने मोबदला अनिश्चित ठेवला होता आणि चाकरी मात्र अमर्याद. घरातील कोणालाही, कोणत्याही वेळी बोलावता येत होते. ते विधेयक त्या वेळी कायदा झाले नाही. वतन हा हक्क होता आणि तेच जोखडही होते. इंग्रजीत यांपैकी एकच बाजू उतरली, तर वाचक एक तर आमची कीव करील, नाही तर गावगाड्याचे गोडवे गाईल.

शेवटी बलुत्याच्या वाक्यात मी ‘क्लेम’ हे क्रियापद घेतले, कारण त्यात हक्क आहे. भाकरीच्या वाक्यात ‘कॉल फॉर’ घेतले. ‘वेंट इंटू द व्हिलेज अॅट डस्क, बेल-स्टिक इन हँड, टू कॉल फॉर द भाकरी ड्यू टू हिज हाउस’ असे ते वाक्य झाले. ‘ड्यू’ या शब्दाने देणे कळते, घुंगरकाठीने दुरावा कळतो, आणि दोहोंतला ताण वाचकाच्या मनात राहतो. भाकरीचे ‘ब्रेड’ केले नाही. ब्रेड म्हटले की इंग्लंडमधील मुलीला पाव दिसतो, आणि शिवाय भाकरी हा शब्द तिला घरात ऐकून ठाऊक आहे.

येथे एक कसोटी सांगावीशी वाटते, कारण ती मला पुढे प्रत्येक पानावर उपयोगी पडली. एखाद्या जातीच्या माणसाच्या कृतीसाठी इंग्रजी क्रियापद निवडले की तेच क्रियापद त्याच गावातील दुसऱ्या जातीच्या माणसाला, तीच कृती करीत असताना, लावून पाहावे. पाटील मेजवानीला ‘येतो’ आणि महार ‘हजर होतो’; कुलकर्णी ‘सांगतो’ आणि महार ‘कबूल करतो’; असा फरक मुळात असेल तर ठेवावा, मुळात नसेल तर तो भाषांतरकाराच्या मनातून आला आहे असे धरावे.

‘गावकरी’ या शब्दाने मला सर्वाधिक फसविले, कारण त्यात काही अडचण आहे असे वाटतच नाही. ‘गावकऱ्यांनी आठ दिवस राजवाड्याची भाकरी बंद केली’ याचे इंग्रजी ‘व्हिलेजर्स’ असे केले की वाक्य गुळगुळीत होते. पण मग राजवाड्यातील माणसे कोण? तीही त्याच गावात जन्मली, त्याच गावच्या मसणवट्यात गेली. मराठीत ‘गाव’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. साऱ्या वस्तीला गाव म्हणतात आणि अस्पृश्यांची वस्ती वगळून उरते त्यालाही गाव म्हणतात. ‘महार गावात गेला’ हे वाक्य मराठीत सहज बोलले जाते. त्या ‘गावात’ या एका शब्दात सारा बहिष्कार आहे, आणि बोलणाऱ्याला तो जाणवतही नाही. इंग्रजी ‘व्हिलेज’ला हा दुसरा अर्थ नाही. म्हणून जेथे गाव म्हणजे वगळलेले गाव, तेथे मी ‘कास्ट-हिंदू व्हिलेज’ असे स्पष्ट लिहिले. जेथे सारी वस्ती अभिप्रेत आहे तेथे नुसते ‘व्हिलेज’. ‘कास्ट हिंदू’ हा शब्द बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनात वारंवार येतो. ‘अप्पर कास्ट’ म्हटल्याने गावातील माळी, धनगर, कुणबी यांचे स्थान धूसर होते. त्यांना कोणी उच्चवर्णीय म्हणत नव्हते, तरी भाकरी बंद करण्यात ते होते. ‘कास्ट हिंदू’ने ते नेमके सांगितले जाते.

प्रत्येक ‘गाव’ शब्दापाशी थांबून कोणता अर्थ आहे हे ठरविण्यात बराच वेळ गेला. वहीत काही ठिकाणी खुद्द लेखकालाही ते ठरवता आले नसावे. शाळेच्या इमारतीसाठी ‘गावाने’ वर्गणी काढली, असे एक वाक्य आहे. त्या वर्गणीत आमची माणसे होती की नव्हती? मी विद्यार्थ्याकडून त्याच्या चुलत्यांना विचारून घेतले. होती, पैसे नव्हते म्हणून त्यांनी दगड वाहिले होते. तेव्हा तेथे ‘होल व्हिलेज’ लिहिले. भाषांतर करायला बसलो नसतो, तर हे कोणी विचारले नसते.

याला जोडून ‘राजवाडा’. पश्चिम महाराष्ट्रात महारवाड्याला राजवाडा म्हणण्याची रीत आहे. एका परिचिताने वहीची काही पाने हौसेने भाषांतरित करून पाहिली होती, त्यांत ‘द होल रॉयल पॅलेस वेंट टू द थ्रेशिंग फ्लोअर’ असे वाक्य झाले होते. हसू येते, पण चूक अजाणतेपणी झाली होती आणि शब्दकोश तिच्या बाजूने होता. मी ‘राजवाडा’ ठेवून प्रथम उल्लेखात ‘महारांची वस्ती, शब्दशः राजाचा वाडा’ असे दोन्ही सांगितले. त्यातील उपरोध इंग्रजी वाचकालाही कळायला हवा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. आज त्या वस्तीचे नाव वेगळे आहे आणि ते असायलाच हवे. पण १९३० सालच्या प्रसंगात आजचे नाव घातले, तर त्या काळी तेथील माणसे समतानगरात राहत होती असे होईल.

हाच नियम जातीच्या नावांना लागतो, आणि येथे आपल्या समाजातील वाचक माझ्याशी सहमत होतीलच असे नाही. १९५६ पूर्वीच्या प्रकरणांत मी ‘महार’ हा शब्द ठेवला आहे. त्यानंतर ज्यांनी दीक्षा घेतली त्यांच्यासाठी ‘बौद्ध’. ‘नवबौद्ध’ हा शब्द केवळ सरकारी कागदाचा हवाला असेल तेथे अवतरणचिन्हात. आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारले, की पूर्वजांनाही बौद्ध म्हणण्यात काय बिघडले? बिघडते ते एवढेच, की मग १९५६ साली काही घडलेच नाही असे होते. ज्यांनी धर्म बदलला त्यांनी काय सोडले हे लिहिल्याशिवाय त्यांनी काय घेतले हे दाखविता येत नाही. याउलट १९६० नंतरच्या प्रसंगात बौद्ध माणसाला ‘महार’ म्हणणे हे जुन्या गावाचे बोलणे होय. भाषांतरकाराने ते आपल्या तोंडी घेऊ नये.

‘अनटचेबल’ हे जातीचे नाव नाही; ती इतरांची वागणूक आहे. म्हणून ‘महार’ या नामाच्या जागी तो शब्द कधीही घालू नये. ‘महारांना अस्पृश्य मानले जाई’ अशा वाक्यात, म्हणजे मानणारे कोणीतरी आहे तेथे, तो योग्य आहे. ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हा इंग्रज सरकारच्या कागदांतला शब्द. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेच्या काळात त्यावर आक्षेप घेतला होता, की त्यातून हा समाज हीनदीन आणि असहाय असल्याचा समज होतो. त्यांनीच १९२७ साली काढलेल्या पत्राचे नाव पाहा: ‘बहिष्कृत भारत’. बहिष्कृत म्हटले की बहिष्कार घालणारा समोर उभा राहतो. ‘डिप्रेस्ड’ म्हटले की माणसे आपोआपच दबलेली होती असे वाटते. वहीत ‘बहिष्कृत’ आले तेथे मी इंग्रजीत कर्ता दिसेल असे ‘शट आउट’ वापरले. ‘हरिजन’ हा शब्द आपल्याला का नको, हे आपले वाचक जाणतात. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत त्याच शब्दाला विरोध करून बाबासाहेब आपल्या पक्षासह सभागृहाबाहेर पडले होते. वहीत एका सरपंचाच्या भाषणात तो आला आहे. तेथे मी तो तसाच ठेवला, कारण तो सरपंचाचा शब्द आहे. ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ हा शब्द १९३५ च्या कायद्याने आणला. त्याआधीच्या प्रसंगात तो घालता येत नाही. ‘दलित’ हा शब्द जुना आहे, परंतु स्वतःचे नाव म्हणून तो घरोघरी पोचला तो १९७२ च्या दलित पँथरनंतर. १९२० सालच्या येसकराला ‘दलित’ म्हणणारी इंग्रजी पुस्तके आज पुष्कळ दिसतात. त्यांचा हेतू चांगला आहे. पण येसकराने स्वतःला ज्या नावाने ओळखले नाही ते नाव त्याला आम्ही देतो, आणि ज्या नावाने त्याला हाक मारली गेली ते वाचकापासून लपवितो.

हाक मारण्याचा विषय निघाला म्हणून पाटलाच्या वाक्याकडे येतो. ‘माजलास काय रे म्हारड्या.’ हे वाक्य सौम्य करावे, म्हणजे मुलीला धक्का बसणार नाही, असे तिच्या वडिलांचे म्हणणे पडले. मी नकार दिला. शिवी लेखकाची नाही, पाटलाची आहे. ती गाळली तर पाटील सभ्य ठरतो. मात्र ती इंग्रजीत आणणे सोपे नव्हते. ‘म्हारडा’ या रूपातला तिरस्कार शेवटच्या ‘डा’मध्ये आहे, ‘महार’मध्ये नाही. ‘डर्टी महार’ असे केले, तर ‘महार’ हा शब्द निर्दोष आहे आणि ‘डर्टी’ तेवढे वाईट, असा बरोबर अर्थ निघतो. परंतु जातीच्या नावालाच प्रत्यय लावून ते हीन करण्याची जी क्रूर सहजता आहे ती जाते. मी ‘म्हारड्या’ हा शब्दच ठेवला आणि पुढे निवेदनात एक लहान वाक्य घातले: जातीचे नाव वाकवून शिवी करण्याची ही गावाची पद्धत होती. दुसरी अडचण ‘माजलास’ या एकवचनाची. पाटील महाराला अरे-तुरे करतो, महार पाटलाला ‘जोहार मायबाप’ म्हणतो. इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’. वयाने आजोबा असलेल्या माणसाला गावातले पोर ‘तू’ म्हणते आणि रामाचा ‘राम्या’ करते. यावर उपाय म्हणून नावांची वाकलेली रूपे मी इंग्रजीत जशीच्या तशी ठेवली आणि पुस्तकाच्या आरंभी अर्ध्या पानात सांगितले, की मराठीत माणसाला हाक मारण्याच्या दोन रीती आहेत आणि ‘या’ने संपणारे नाव कोणी कोणासाठी वापरले आहे याकडे लक्ष द्यावे.

व्यवसायवाचक शब्दांत एक वेगळाच पेच आहे आणि तो इंग्रजी लिपीने उभा केला आहे. मराठीत मोठे-लहान अक्षर नाही. ‘कुंभार’ लिहिले की जात आणि धंदा दोन्ही आले. इंग्रजीत मोठ्या ‘के’ने ‘कुंभार’ लिहिले तर जात, ‘पॉटर’ लिहिले तर धंदा. प्रत्येक ठिकाणी एक निवडावेच लागते. ‘कुंभाराने मडकी आणून दिली’ येथे ‘पॉटर’. ‘कुंभारांनी आपल्या मुली त्या गावात दिल्या नाहीत’ येथे जात. आणि जो कुंभार गिरणीत कामाला गेला, त्याला ‘पॉटर’ म्हणणे उघड चूक आहे. चांभाराला सर्रास ‘कॉबलर’ म्हणतात. कॉबलर जोडे दुरुस्त करतो, आणि गावचा चांभार मोट शिवी, जोडे नव्याने करी, औताचे कातडी साहित्य करी. ज्याच्या मोटेशिवाय मळा भिजत नसे त्याला रस्त्याच्या कडेला बसविणारा तो शब्द आहे.

कोशाने फसविलेला आणखी एक शब्द सांगून हा भाग संपवितो. वहीच्या पहिल्या प्रकरणात पेशवाईतील एका कागदाचा सारांश आहे, त्यात वाड्यावर दोन ‘कुणबिणी’ असल्याचे म्हटले आहे. मी प्रथम ‘पेझंट विमेन’ लिहिले होते. पेशवाईच्या कागदांत कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे. ती विकत घेतली जाणारी, दान दिली जाणारी दासी होय. इंग्रजीत तिला ‘स्लेव्ह’ म्हणावे लागते. ‘मेड’ म्हटले तर दोन स्त्रियांची गुलामगिरी एका सभ्य शब्दाखाली गाडली जाते.

छापील भाषांतरांनी हे प्रश्न कसे सोडविले तेही मी चाळून पाहिले. दया पवारांच्या ‘बलुतं’चे इंग्रजी भाषांतर २०१५ मध्ये आले आणि त्याचे नाव ‘बलुता’ असेच ठेवले गेले. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’चे मात्र २००३ मध्ये ‘द आउटकास्ट’ झाले. बारा मासे म्हणजे तोळा; अकरा मासे म्हणजे तोळ्याला एक मासा कमी. विवाहबाह्य जन्माला सोनाराच्या काट्यावर तोलून कमी भरविणारा तो शब्द आहे. ‘आउटकास्ट’मध्ये जात येते, तो काटा येत नाही. भाषांतरकाराला नाव लहान हवे होते, प्रकाशकाला ओळखीचे हवे असणार. त्यांना मी दोष देत नाही. पण आमच्या वहीला प्रकाशक नाही आणि पानांची मर्यादाही नाही. ती चैन मी उपभोगली.

कामाची रीत पुढे अशी ठरली. एका कागदावर चार रकाने आखले: मूळ शब्द, या वहीत तो जात, काम, हक्क की शिवी म्हणून आला, तो कोण बोलतो, लेखक की पात्र, आणि इंग्रजीत काय केले. पंचाऐंशी शब्द झाले. एकच शब्द दोन अर्थांनी आला असेल, तर त्याच्या दोन ओळी. दर प्रकरण झाले की ते मुलीला पाठवायचे आणि तिने इंग्रजी वाचून, मूळ न पाहता, दूरध्वनीवर वडिलांना मराठीत सांगायचे. वडील मूळ वहीशी ताडून पाहत. जेथे तिच्या सांगण्यात नोकर, भिकारी, गरीब असे शब्द आले आणि वहीत ते नव्हते, तेथे माझे इंग्रजी चुकले असे समजायचे. ‘मसणवटा’ आणि ‘हाडकी’ या दोन शब्दांवर असे चार खर्डे झाले. हाडकी म्हणजे महारांच्या वतनाची जमीन; ‘हाड’ पाहून मी ‘बोन-फील्ड’ लिहिले, तेव्हा तिला तेथे थडगी दिसू लागली. आता ‘वतन लँड’ आहे आणि हाडकी हे नाव त्याच्या शेजारी आहे.

१९५८ च्या ज्या कायद्याने ही वतने संपली, त्याच्या नावातच ‘इन्फिरिअर’ हा शब्द आहे: बॉम्बे इन्फिरिअर व्हिलेज वतन्स अॅबॉलिशन अॅक्ट. वहीच्या शेवटच्या प्रकरणात लेखकाने त्याला ‘महारवतन संपविणारा कायदा’ म्हटले आहे. कायद्याचे नाव बदलण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही, आणि लेखकाचे शब्द बदलण्याचाही नाही. मी मजकुरात लेखकाचे शब्द ठेवले आणि कायद्याचे पूर्ण नाव तळटीपेत दिले. परवा मुलीचा नवा प्रश्न आला आहे: गुलामी संपविणाऱ्या कायद्यात ‘इन्फिरिअर’ कोणाला म्हटले आहे, जमिनीला की माणसांना? त्याचे उत्तर मी अजून लिहून पाठविलेले नाही.